बायोडेटात फॉलोअर्स: ब्रँड कम्युनिकेशन्सच्या नोकरीसाठी पुरावा कसा उभा करायचा

प्रश्न: माझी नोकरी हिशेब विभागात आहे. घरातल्या झाडांची निगा या विषयावर गेली तीन वर्षं इन्स्टाग्राम खातं चालवतो, १४ हजार फॉलोअर्स आहेत. आता ब्रँड कम्युनिकेशन्समध्ये जायचंय. बायोडेटात फॉलोअर्सचा आकडा आणि एंगेजमेंट टक्केवारी ठळक लिहिली, पण सहा अर्जांना एकही बोलावणं आलं नाही. हे काम पुरावा म्हणून मांडायचं तरी कसं?

उत्तर:

मी बरीच वर्षं कम्युनिकेशन्सच्या टीमसाठी माणसं निवडते आहे. बायोडेटात फॉलोअर्सचा आकडा दिसला की माझ्या मनात काय येतं ते आधी सांगते. १४ हजार लोकांनी कधीतरी एक बटण दाबलं, एवढंच मला त्यातून कळतं. त्यांनी ते का दाबलं, त्यात तुमचा वाटा किती आणि नशिबाचा किती, आज त्यातले किती जण तुमचं वाचतात आणि तेच काम तुम्ही दुसऱ्याच्या नावाने करू शकाल का, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. मला मात्र नेमकं तेच हवं असतं.

आमच्या क्षेत्रात यावर पुष्कळ आधी वाद होऊन एक समजूत ठरलेली आहे. संवादाच्या कामाचं मोजमाप करणाऱ्यांची एएमईसी ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या पुढाकाराने २०१० मध्ये बार्सिलोना तत्त्वं ठरली आणि पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. त्यांचा गाभा असा की तुम्ही काय बाहेर पाठवलं ते मोजून थांबू नका. लोकांनी त्यातून काय घेतलं आणि पुढे काय केलं तेही मोजा. आम्ही रोजच्या बोलण्यात याला आउटपुट, आउटटेक आणि आउटकम म्हणतो. पोस्टची संख्या, व्ह्यूज आणि फॉलोअर्स पहिल्या पायरीवर येतात. सेव्ह, प्रश्न, ओळखीच्यांना पाठवणं या गोष्टी दुसऱ्या पायरीवर. माणसाने खरोखर काही करून पाहिलं, नाव नोंदवलं किंवा सवय बदलली तर ती तिसरी. तुमचा बायोडेटा पहिल्या पायरीवरच उभा आहे, आणि त्या पायरीवर गर्दी फार असते.

वर कसं जायचं हे एका प्रत्यक्ष उदाहरणातून सांगते. काही काळापूर्वी एका मुलीच्या बायोडेटावर मी तिच्यासोबत बसून काम केलं. तिचं खातं कपड्यांच्या दुरुस्तीचं: रफू, ठिगळ, उसवलेली शिवण, तुटलेली चेन. फॉलोअर्स २१,६००. बायोडेटात ओळ होती, ‘२१ हजारांहून अधिक फॉलोअर्स, ७.१ टक्के एंगेजमेंट, एका रीलला ७.८ लाख व्ह्यूज.’ तुमच्यासारखंच तिलाही कुठून बोलावणं आलं नव्हतं.

पहिला दिवस आम्ही ते ७.१ कुठून आलं हे शोधण्यात घालवला. तिने ३० पोस्ट धरल्या होत्या. त्यातल्या २९ पोस्टवर लाइक, कमेंट, सेव्ह आणि शेअर मिळून सरासरी ४२० प्रतिसाद होते. तिसावी म्हणजे ते गाजलेलं रील, त्यावर ३४,००० प्रतिसाद. सगळं एकत्र करून ३० ने भागलं की पोस्टमागे साधारण १,५४० येतात आणि २१,६०० च्या तुलनेत ते ७.१ टक्के होतात. रील बाजूला काढलं की तोच आकडा दोन टक्क्यांच्या किंचित खाली येतो. तिने लबाडी केली नव्हती. सरासरी काढताना एक अवाढव्य आकडा सगळ्यांना आपल्याकडे ओढून घेतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. पण निवड करणाऱ्याने खातं उघडून पाच-सहा पोस्ट खालीवर पाहिल्या की हे अर्ध्या मिनिटात दिसतं, आणि मग बायोडेटातल्या बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

म्हणून सरासरी सोडून मध्यक घ्या. पोस्ट प्रतिसादाप्रमाणे चढत्या क्रमाने लावायच्या आणि मधली उचलायची. हिशेबाचं काम करणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. तिच्या त्याच ३० पोस्टचा रीचचा मध्यक होता ३,२००, म्हणजे तिची नेहमीची पोस्ट ३,२०० खात्यांपर्यंत पोहोचत होती. त्यातले फॉलोअर्स सुमारे २,१००, बाकीचे बाहेरचे. थोडक्यात, दहा फॉलोअर्सपैकी एखादाच तिची नेहमीची पोस्ट पाहत होता. हा आकडा बघून ती खट्टू झाली. मी तिला सांगितलं की आपलं खरं काम या ३,२०० माणसांपाशी सुरू होतं, कारण ती तिला आत्ता ऐकत होती. उरलेल्यांपैकी बरेच जण त्या एका रीलच्या लाटेत आले होते. रील चाललं त्यानंतरच्या तीन आठवड्यांत जवळपास ९,००० फॉलोअर्स वाढले होते आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पुन्हा कधी काही वाचलं होतं.

व्ह्यूजबद्दल थोडी वेगळी सावधगिरी लागते. रीच म्हणजे वेगवेगळी खाती. व्ह्यूजमध्ये एकाच माणसाने तीनदा पाहिलेलं तीनदा मोजलं जातं. शिवाय मोजण्याची पद्धतही बदलत असते. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये व्ह्यूज हेच सर्व प्रकारच्या पोस्टसाठी मुख्य मोजमाप करण्याचं जाहीर केलं. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यूज व्हिडिओ सुरू झाला की लगेच धरायला सुरुवात केली, किती सेकंद पाहिला याची अट उरली नाही. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे व्ह्यूज शेजारी ठेवून ‘वाढ’ दाखवणारा अर्ज माझ्याकडे आला की मी तो फेटाळत नाही, पण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच विचारते. उत्तर येत नसेल तर आकडे कुठून आले हे उमेदवारालाच माहीत नाही, हे उघड होतं.

आता मुख्य कामाकडे येते. खात्यात एखादा असा निर्णय शोधायचा, जो तुम्ही काहीतरी पाहून, कारण धरून घेतला आणि ज्याचा परिणाम मोजता येतो. प्रत्येक जुन्या खात्यात असे दोन-तीन निर्णय दडलेले असतात. चालवणाऱ्याला ते निर्णय वाटत नाहीत, ‘असंच सुचलं’ वाटतं. त्या मुलीला मी विचारलं, ‘तुझ्या पोस्ट आधी आणि आता वेगळ्या का दिसतात?’ ती म्हणाली, ‘आधी मी आधीचा आणि नंतरचा फोटो टाकायचे. लोक वा वा करायचे आणि खाली विचारायचे की सुई कुठली, सुरुवात कुठून. कंटाळून मी एकेक पायरीचे फोटो टाकायला लागले.’

तिने कंटाळून केलं म्हणून सांगितलेली ही गोष्ट आमच्या भाषेत श्रोत्यांचा अभ्यास करून आशय बदलणं आहे. फक्त तसं म्हणून भागत नाही, ते दाखवावं लागतं. म्हणून आम्ही तिच्या जुन्या पोस्टवरच्या ६०० कमेंट एका तक्त्यात उतरवल्या आणि प्रत्येकीपुढे ती कसली आहे ते लिहिलं: कौतुक, प्रश्न, स्वतःचा अनुभव, इतर. २१४ कमेंट प्रश्नाच्या निघाल्या आणि त्यातल्या १३१ एकाच गोष्टीभोवती फिरत होत्या, पहिली पायरी. कुठला दोरा, कुठली सुई, फाटलेल्या जागेच्या किती बाहेरून टाका सुरू करायचा. या कामाला दोन संध्याकाळी लागल्या. पुढे मुलाखतीत तिला सर्वांत जास्त कशाने तारलं असेल तर या तक्त्याने, कारण ‘लोकांना हेच हवं होतं’ या वाक्यामागे आता मोजलेल्या ६०० कमेंट होत्या.

मग परिणाम. रील्स बाजूला ठेवल्या, कारण ती वेगळी जात आहे आणि त्यांचा प्रसार वेगळ्या रीतीने होतो. उरल्या ५० चित्र-पोस्ट: बदलाआधीच्या २४, नंतरच्या २६. प्रत्येक पोस्टसाठी सेव्ह भागिले रीच गुणिले १००० असा एक दर काढला, म्हणजे पोहोचलेल्या दर हजार खात्यांमागे किती जणांनी पोस्ट जपून ठेवली. लाइक घेतला नाही, कारण लाइक चालता चालता दिला जातो. सेव्ह करणाऱ्याच्या मनात पुन्हा येण्याचा विचार असतो, आणि दुरुस्ती शिकवणाऱ्या खात्यासाठी तीच योग्य खूण. आधीच्या २४ पोस्टचा मध्यक ९ आला, नंतरच्या २६ चा ३१. जुन्यांतली सर्वांत चांगली पोस्ट २२ वर होती आणि नव्यांपैकी १९ पोस्ट तिच्याही वर होत्या. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहायला लावलं. दोन मध्यक योगायोगानेही वेगळे येऊ शकतात. पण नव्यांतल्या बहुतेक पोस्ट जुन्यांतल्या सर्वोत्तम पोस्टच्या पुढे असतील, तर फरक खरा आहे हे आकडेशास्त्र न शिकलेल्यालाही पटतं.

यात कच्चे दुवे आहेत आणि ते तुम्ही स्वतःहून सांगायला हवेत. पायरीवार पोस्ट सहसा जास्त सेव्ह होतात, त्यामुळे वाढीचा काही भाग निव्वळ मांडणीच्या प्रकाराचा आहे. दरम्यान ॲपने पोस्ट कुणाला दाखवायची याचे नियम बदलले असतील, तर त्याचाही भाग असू शकतो. ताज्या पोस्टना सेव्ह गोळा करायला कमी वेळ मिळालेला असतो, म्हणून दोन महिन्यांपेक्षा नव्या पोस्ट आम्ही हिशेबात घेतल्याच नाहीत. आणि एक उलटा परिणामही झाला होता: लाइकचा मध्यक ३८० वरून २९० वर घसरला होता. तिला तो लपवायचा होता. मी म्हटलं, हाच तुझा सर्वांत भक्कम पुरावा आहे. लाइक कमी होताना दिसत असूनही तू दिशा बदलली नाहीस, कारण तुला वाहवा नको होती, लोकांनी सुई हातात घ्यायला हवी होती. ब्रँडच्या कामात हाच प्रसंग दर तिमाहीला येतो. दिसायला सुंदर आकडा आणि उपयोगाचा आकडा वेगवेगळ्या दिशांना जातात, आणि कुणाला तरी ठरवावं लागतं.

सेव्हवरून अजून तिसरी पायरी सिद्ध होत नाही. त्यासाठी माणूस ॲपच्या बाहेर कुठेतरी दिसायला हवा. तिने रफूच्या मूलभूत टाक्यांची छापता येणारी एक पानी माहिती तयार केली होती; ईमेल दिला की ती मिळायची. सुदैवाने तिने दुव्याला ओळखखूण लावली होती:

```
https://example.com/rafu?utm_source=instagram&utm_medium=bio&utm_campaign=rafu_sheet
```

प्रश्नचिन्हानंतरचा भाग असा लिहिला की कुठल्या जागेवरून कोण आलं ते संकेतस्थळाच्या ॲनालिटिक्समध्ये वेगळं दिसतं. एवढं केलं नसतं तर ‘इन्स्टाग्राममुळे आले’ हे सांगायला तिच्याकडे काहीच नसतं. पाच महिन्यांत त्या दुव्यावर १,१४० क्लिक आणि ४१२ नोंदण्या झाल्या. जाहिरातीवर खर्च काही नाही. नंतर तिने त्या ४१२ जणांना एक साधं पत्र पाठवलं, ‘काही दुरुस्त केलंत का?’ ५७ जणांनी उत्तर दिलं, त्यातले ४४ जण हो म्हणाले.

इथे एक मोह आवरायचा असतो. ५७ पैकी ४४ म्हणजे ७७ टक्के, आणि ‘७७ टक्के लोकांनी कपडे दुरुस्त केले’ हे वाक्य बायोडेटावर उठून दिसलं असतं. पण ज्यांनी दुरुस्ती केली तेच उत्साहाने उत्तर देतात. न केलेले गप्प बसतात. म्हणून लिहायचं ते असं: ४१२ जणांना विचारलं, ४४ जणांनी दुरुस्ती केल्याचं कळवलं. छेद नेहमी मोठा घ्या, स्वतःच्या विरुद्ध जाणारा घ्या. निवड करणाऱ्या माणसाला रोज फुगवलेले आकडे बघावे लागतात, त्यामुळे कुणी छेद प्रामाणिक ठेवला की तो लगेच नजरेत भरतो.

यानंतर मी तिला एक प्रश्न विचारला, जो तुम्हीही स्वतःला विचारा: तुमची कधी चूक झाली का आणि तेव्हा तुम्ही काय केलं? ती गप्प झाली, मग तिने सांगितलं. इस्त्रीने चिकटणाऱ्या पट्टीवर तिने एक पोस्ट टाकली होती, त्यात ‘कडक गरम इस्त्री फिरवा’ असं लिहिलं होतं. सुती कापडाला ते चालतं. एका बाईंनी पॉलिस्टरच्या ब्लाउजवर तसं केलं आणि कापड वितळून आकसलं. त्यांनी कमेंटमध्ये फोटो टाकला, खाली आणखी लोक रागावले. मुलीने तीन तासांत कॅप्शन दुरुस्त केलं आणि काय बदललं तेही त्यातच लिहिलं. त्या बाईंची कमेंट काढून न टाकता तिच्यावर उत्तर दिलं, चूक आपली होती हे स्पष्ट म्हटलं आणि ते उत्तर वर दिसेल असं ठेवलं. दुसऱ्या दिवशी कृत्रिम धाग्यांना मंद आच आणि मध्ये सुती फडकं का लागतं यावर वेगळी पोस्ट केली. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, लाज वाटत होती म्हणून. कम्युनिकेशन्सच्या मुलाखतीत मात्र याहून मोलाची गोष्ट क्वचित मिळते. रागावलेल्या लोकांसमोर उघड्यावर, वेळेत, चूक न झाकता कसं बोलायचं हे तिने आधीच केलेलं होतं, आणि त्या उत्तराची वेळ आणि शब्द कमेंटखाली सर्वांना दिसत होते.

आता बायोडेटात हे कसं आलं ते पाहा. फॉलोअर्सची ओळ ‘छंद’ या सदरातून उचलून अनुभवात घेतली, कारण ते काम होतं. पदाच्या जागी ‘इन्फ्लुएन्सर’ लिहिलं नाही आणि ‘संस्थापक’ही लिहिलं नाही, एका माणसाच्या खात्याला संस्थापक म्हटलं की वाचणारा मनात आकडे कमी करायला लागतो. जे केलं त्याचंच नाव दिलं:

> कपड्यांची दुरुस्ती, स्वतःचं इन्स्टाग्राम प्रकाशन. आशय, लेखन, मोजमाप (नोकरी सांभाळून, ३ वर्षं)
>
> ६०० कमेंटचं वर्गीकरण करून ‘आधी-नंतर’ फोटोंच्या जागी पायरीवार पोस्ट आणल्या. पोहोचलेल्या दर हजार खात्यांमागे सेव्ह ९ वरून ३१ (मध्यक, २४ आणि २६ पोस्ट, रील्स वगळून).
>
> छापता येणारी रफू-माहिती: खात्यावरून १,१४० क्लिक, ४१२ नोंदण्या, ५ महिने, जाहिरात खर्च नाही.
>
> चुकीच्या सूचनेवरची जाहीर तक्रार ३ तासांत उघड दुरुस्तीने हाताळली. मूळ संभाषण खात्यावर कायम.
>
> फॉलोअर्स २१,६००. नेहमीच्या पोस्टचा रीच सुमारे ३,२००.

फॉलोअर्सचा आकडा काढून टाकला नाही, शेवटी नेला आणि त्याच्या शेजारी खरा रीच ठेवला. आकडा मोठा आहे म्हणून वाचणाऱ्याची नजर थांबते हे खरंच आहे. फक्त सगळा भार त्याच्यावर नको. हे सगळं साध्या मजकुरात लिहा. आलेख, गोल चिन्हं, स्क्रीनशॉट बायोडेटात घालू नका. अर्ज गोळा करणाऱ्या बऱ्याच प्रणाली बायोडेटातला मजकूर वाचून रकान्यांत भरतात. चित्रातला आकडा त्यांना वाचता येईलच असं नाही.

बायोडेटाला एका वेगळ्या पानाचा दुवा जोडा, एकच पान. त्यावर अडचण काय दिसली, काय ठरवलं, काय केलं, काय झालं आणि काय सिद्ध होत नाही, एवढं ओघाने लिहा. तिच्या पानावर शेवटचा परिच्छेद ‘काय सिद्ध होत नाही’ हाच होता: मांडणीचा भाग वेगळा काढता आला नाही, पत्राला उत्तर न देणाऱ्यांचं काय झालं ते माहीत नाही. सोबत ५० पोस्टचा तक्ता, तारीख, रीच, सेव्ह आणि पोस्टचा दुवा असलेला. कुणी तपासायचं म्हटलं तर कुठलीही ओळ उघडून पोस्ट पाहता यावी. स्क्रीनशॉट द्याल तर तारीख दिसणारे द्या आणि त्यातली इतरांची नावं, चेहरे झाका. तुम्हाला खासगी निरोपात कुणी कौतुक लिहिलं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय ते छापू नका. परक्या माणसाचा खासगी मजकूर जो असा वापरतो, तो उद्या ग्राहकांचाही वापरेल, अशी शंका मला येते.

आकडे जमवायला उशीर करू नका. इन्स्टाग्रामचे तपशीलवार इनसाइट्स व्यावसायिक किंवा क्रिएटर खात्यालाच मिळतात, आणि खातं तसं करण्याआधीच्या पोस्टचे ते मिळत नाहीत. खात्याच्या एकूण वाटचालीचे आकडेही ॲपमध्ये ठरावीक काळापर्यंतच मागे जाऊन पाहता येतात. म्हणून दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी तक्त्यात उतरवून ठेवायची सवय लावा. यूट्यूब असेल तर स्टुडिओमध्ये चॅनेल सुरू झाल्यापासूनचे बहुतेक आकडे मिळतात आणि फाइल म्हणून उतरवताही येतात.

कधी फॉलोअर्स विकत घेतले असतील, एकमेकांच्या पोस्टवर कमेंट करण्याच्या गटात असाल किंवा भेटवस्तूंच्या स्पर्धेतून मोठी भरती झाली असेल, तर तो काळ हिशेबातून वगळा आणि का वगळला ते लिहा. फॉलोअर्सच्या आलेखात एका दिवसात उभी चढण आणि त्यावेळी एकही गाजलेली पोस्ट नाही, हे तपासणाऱ्याला ओळखता येतं. ब्रँडकडून पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे ना हेही अर्जाआधी पाहून घ्या. ते लिहिलेलं नसेल तर माझ्यासाठी तो थेट नकाराचा मुद्दा आहे, कारण उद्या तीच चूक कंपनीच्या नावाने होईल.

इतकं करूनही एक भगदाड राहतं आणि ते सर्वांत मोठं आहे. स्वतःच्या खात्यावर तुम्ही स्वतःच्या आवाजात बोलता, कुणाची मंजुरी घेत नाही, नको वाटेल त्या दिवशी काही टाकत नाही. ब्रँडचं काम म्हणजे दुसऱ्याच्या आवाजात, दुसऱ्याच्या उद्देशासाठी, तीन जणांनी बदल सुचवलेल्या मसुद्यावर आणि ठरलेल्या तारखेला. मी मुलाखतीत हमखास विचारते, ‘या खात्यातून तुमचा चेहरा आणि नाव काढून टाकलं तर काय उरेल?’ चांगलं उत्तर पद्धतीचं असतं: प्रश्न कसे गोळा केले, मांडणी कशी ठरवली, काय मोजलं. पण त्याहून चांगलं म्हणजे एकदा तरी दुसऱ्यासाठी केलेलं काम दाखवणं.

त्या मुलीने त्यासाठी सहा आठवडे काढले. जुने कपडे गोळा करून वाटणाऱ्या एका स्वयंसेवी गटासाठी तिने आठ पोस्ट लिहिल्या. काम सुरू करण्याआधी त्यांच्याकडून अर्ध्या पानाचं टिपण लिहून घेतलं: कुणाशी बोलायचं आहे, त्यांनी काय करावं, कुठले शब्द चालणार नाहीत. त्यांना ‘गरजू’ हा शब्द नको होता. तिच्या पहिल्या मसुद्यात तो चारदा होता. तिने तो मसुदा, त्यावर त्यांनी मारलेल्या खुणा आणि शेवटचा मजकूर असे तिन्ही कागद जपून ठेवले आणि गटाच्या परवानगीने त्या पानावर जोडले. निकाल माफक होता: कपडे देण्यासाठी आलेल्यांपैकी २६ जणांनी ‘कुठे कळलं?’ या प्रश्नाला त्या पोस्टचं नाव घेतलं. तरी मुलाखतीत सर्वांत जास्त वेळ चर्चा झाली ती खुणा केलेल्या मसुद्यावर. लिहिलेलं खोडलं गेल्यावर ही मुलगी वाद न घालता शब्दामागचं कारण समजून घेते, हे त्या एका कागदावर दिसत होतं.

तुमच्या बाबतीत मी सुरुवात कुठून करेन ते सांगते. झाडांच्या खात्यावर लोक नक्की फोटो टाकून विचारत असतील, पानं पिवळी का पडली, माती केव्हा बदलायची. त्या कमेंट तक्त्यात उतरवा, सगळ्या नाही, शेवटच्या ५०० पुरतील. उत्तर म्हणून तुम्ही काय बदललं ते आठवा. काहीच बदललं नसेल तर आत्ता बदला, आधीच्या वीस पोस्टचा मध्यक आजच लिहून ठेवा, आणि पुढच्या वीस पोस्टनंतर दोन महिने थांबून पुन्हा काढा. हिशेब विभागातून येताय हे झाकू नका. छेद कुठला, काय वगळलं, दोन महिन्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे प्रश्न तुम्हाला आपोआप पडत असणार. कम्युनिकेशन्सच्या टीममध्ये लिहिणारे पुष्कळ असतात. महिनाअखेरीचा अहवाल आला की असे प्रश्न विचारणारा सहसा एखादाच असतो. त्या एका पानाचा पहिला मसुदा तयार झाला की तक्त्यासह पाठवा. मी आधी तक्ता वाचेन आणि मग मजकूर.